चाळींत कांदा किती? एकूण साठ्याच्या अंदाजासाठी नमुना ठरवण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्यात काम करणारी ही शेतकरी उत्पादक कंपनी. भागधारक १,४६०, आणि त्यातले बहुतेक उन्हाळ कांदा करणारे. मार्च-एप्रिलमध्ये काढलेला कांदा चाळीत भरायचा आणि पुढे पावसाळाभर भाव बघत थोडा थोडा बाजारात न्यायचा, ही इथली रीत. मे महिन्याच्या अखेरीस कंपनीची एका निर्यातदाराशी बोलणी चालू होती. सभासदांच्या चाळींत मिळून एकूण किती क्विंटल कांदा आहे हे कंपनीने सांगायचं, आणि त्यावर करारातला हिस्सा, आगाऊ रक्कम आणि वाहतूक ठरायची. सांगितलेल्या आकड्यात दोन्ही बाजूंनी १० टक्क्यांपर्यंत चूक चालेल, असं दोघांनी मान्य केलं होतं. त्यापलीकडे गेलं तर दराची बोलणी नव्याने होणार होती.

मी या पाहणीचा आराखडा करायला गेलो होतो. कंपनी, गाव आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत आणि काही आकडे बदलले आहेत. पण खालचे सगळे हिशेब इथे दिलेल्या आकड्यांवरच केलेले आहेत, त्यामुळे वाचणाऱ्याला ते स्वतः करून पाहता येतील.

हाताशी सहा गट समन्वयक होते. चाळीवर जायचं, कांद्याच्या ढिगाची लांबी, रुंदी आणि उंची टेपने मोजायची, शेतकऱ्याशी बोलायचं आणि पुढच्या गावाला निघायचं, यात एका माणसाच्या दिवसाला आठ-नऊ चाळी होतात. करारासाठी सहा दिवस मिळत होते. म्हणजे फार तर ३०० चाळी.

प्रश्न कुठे होता

पहिल्या बैठकीत एका ज्येष्ठ संचालकांनी विषय लगेच मिटवला. "दहा टक्के घ्या की. एकशे शेहेचाळीस चाळी मोजल्या की झालं, अण्णांच्या वेळेपासून आपण तसंच करतो." व्यवस्थापकांनी मोबाइलवर नमुन्याचा आकार काढणारं एक कॅल्क्युलेटर उघडलं होतं. १,४६० ही संख्या घातल्यावर त्याने ३०५ सांगितलं.

दोन्ही आकडे एकाच कारणाने अपुरे होते. चाळी एकमेकींपेक्षा किती वेगळ्या आहेत, हे दोघांपैकी कुणीच विचारलं नव्हतं. सगळ्यांकडे साधारण १०० क्विंटल कांदा असता, तर २० चाळींतही काम भागलं असतं. एकाकडे १५ क्विंटल, दुसऱ्याकडे ४००, आणि तिसऱ्याने कांदा शेतातूनच विकलेला, अशी स्थिती असेल तर १४६ चाळी पुरणार नाहीत. नमुना यादीच्या किती टक्के आहे, याला यात दुय्यम स्थान आहे.

एकूण साठ्याचा अंदाज म्हणजे यादीतल्या नावांची संख्या गुणिले नमुन्यातली सरासरी. नावांची संख्या पक्की माहीत असेल, तर एकूणाची टक्केवारीतली चूक आणि सरासरीची टक्केवारीतली चूक एकच असते, कारण दोन्हीकडे गुणक तोच. म्हणून सापेक्ष चुकीसाठी लागणारा नमुना क्विंटलवर ठरत नाही. तो विचरण गुणांकावर ठरतो, म्हणजे प्रमाण विचलन भागिले सरासरी; प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरले आहेत त्याचं माप. सूत्र दोन ओळींचं आहे:

```
n0 = (z * CV / r)^2
n  = n0 / (1 + n0 / N)
```

यात CV म्हणजे विचरण गुणांक, r म्हणजे चालणारी सापेक्ष चूक (इथे ०.१०), z म्हणजे ९५ टक्के खात्रीसाठी १.९६ आणि N म्हणजे यादीतली एकूण नावं. दुसरी ओळ मर्यादित समष्टीची दुरुस्ती करते: यादी छोटी असेल आणि तिचा मोठा भाग मोजूनच होणार असेल, तर तेवढा नमुना कमी लागतो.

कॅल्क्युलेटरचा आकडाही याच सूत्रातून निघतो. ही कॅल्क्युलेटरं "किती टक्के लोक हो म्हणतील" अशा प्रश्नासाठी बनलेली असतात. ती ५० टक्के हे प्रमाण धरतात आणि ५ टक्क्यांची चूक देतात. अर्ध्या-अर्ध्या हो-नाही गोष्टीचा विचरण गुणांक बरोबर १ येतो, आणि ५० मध्ये ५ म्हणजे सापेक्ष १० टक्के. म्हणून सगळीकडे दिसणारा ३८४ हा आकडा म्हणजे "विचरण गुणांक १ असेल तर १० टक्के सापेक्ष चुकीसाठी लागणारा नमुना" एवढाच आहे. १,४६० च्या यादीला दुरुस्ती लावली की त्याचे ३०५ होतात. आता प्रश्न एवढाच उरला की आपल्या चाळींचा विचरण गुणांक १ आहे का.

आधी ४० चाळी

हे कळायला छोटी पथदर्शी पाहणी हाच मार्ग होता. भागधारकांच्या नोंदवहीतले १,४६० क्रमांक एका तक्त्यात घेऊन प्रत्येकापुढे यादृच्छिक आकडा देणारं RAND() लावलं, आलेले आकडे लगेच साध्या मूल्यांत चिकटवले (नाहीतर तक्ता उघडला की ते पुन्हा बदलतात), त्यावर क्रम लावला आणि पहिले ४० घेतले. समन्वयकांना "जवळच्या घ्या" असं सांगितलं असतं तर रस्त्यालगतच्या, पक्क्या आणि मोठ्या चाळीच जास्त आल्या असत्या.

४० जणांपैकी ११ जणांकडे कांदा नव्हता. कुणी काढणीनंतर लगेच विकला होता, कुणी या वर्षी लावलाच नव्हता. उरलेल्या २९ जणांची सरासरी १३० क्विंटल आणि प्रमाण विचलन ११५ आलं. शून्यं धरून ४० जणांची सरासरी ९४ क्विंटल आणि प्रमाण विचलन ११४. विचरण गुणांक १.२१.

तो सूत्रात घातला की दुरुस्तीआधी ५६२ आणि दुरुस्तीनंतर ४०७ चाळी लागतात. संचालकांच्या १४६ चाळींतून सापेक्ष चूक जवळपास १९ टक्के राहिली असती. कॅल्क्युलेटरच्या ३०५ मधून १२ टक्के. एकूण साठा अंदाजे १ लाख ३७ हजार क्विंटल दिसत होता, त्यामुळे १९ टक्के म्हणजे २५,००० क्विंटलहून जास्त. १६ टनी ट्रक धरले तर दीडशेहून जास्त ट्रक. बैठकीत टक्केवारीने जे पटलं नव्हतं ते ट्रकांच्या संख्येने पटलं.

कोणते मार्ग होते

४०७ चाळी सहा दिवसांत होणार नव्हत्या. बाहेरची माणसं घेऊन मोजणी वाढवता आली असती, पण नवख्या माणसाला ढीग मोजायला शिकवण्यातच दोन दिवस गेले असते, आणि अनोळखी माणसाला शेतकरी चाळ उघडून दाखवेल याचीही खात्री नव्हती. साठ्यावर मर्यादा येणार, धाडी पडणार अशा बातम्या आल्या की कांद्याच्या पट्ट्यात परक्या माणसाला माल दाखवायला लोक बिचकतात.

दुसरा मार्ग होता चूक १५ टक्क्यांपर्यंत वाढवण्याचा. मग २१४ चाळी पुरल्या असत्या. व्यवस्थापकांना हे सोपं वाटलं. पण करारात १० टक्के लिहिले होते. मोजणी सोयीची व्हावी म्हणून कराराचा आकडा बदलायचा असेल तर तो निर्यातदाराशी बोलून बदलायला हवा होता, आपल्या तक्त्यात नव्हे.

तिसरा मार्ग विचरण गुणांकाच्या आतच सापडला. कांदा असलेल्या २९ जणांपुरता पाहिला तर तो फक्त ०.८८५ होता. तो १.२१ वर नेला होता शून्यांनी. हे नातं असं लिहिता येतं:

```
CV^2 = (c^2 + 1 - p) / p
```

इथे c म्हणजे ज्यांच्याकडे माल आहे त्यांच्यातला विचरण गुणांक आणि p म्हणजे यादीतलं त्यांचं प्रमाण. c ०.८८५ आणि p ०.७२५ घातलं की १.२१ मिळतो. p जितकं कमी, तितका तो वर जातो. ज्या यादीतल्या अर्ध्याच लोकांकडे माल आहे, तिच्यात c एवढाच असला तरी विचरण गुणांक १.६ होईल. म्हणजे चाळीवर जाऊन "इथे काही नाही" असं लिहिण्यातच मोजणीची बरीच ताकद खर्च होत होती. ती नावं आधीच बाजूला काढली, तर सुमारे १,०५८ जणांच्या यादीतून २३५ चाळी पुरतील, असं कागदावर दिसलं.

त्यासाठी कार्यालयातून सगळ्या १,४६० जणांना फोन करून एकच प्रश्न विचारायचा होता: चाळीत कांदा आहे का? किती आहे ते विचारायचं नाही. तीन दिवसांत हे होण्यासारखं होतं.

पहिला निर्णय: "नाही" म्हणणाऱ्यांचं काय करायचं

इथे खरा वाद झाला. फोनवर "नाही" म्हणणाऱ्यांना यादीतून काढून टाकावं, असं व्यवस्थापकांचं म्हणणं होतं. मला ते धोक्याचं वाटत होतं. असलेला कांदा न सांगण्याची कारणं लोकांकडे असतात. असे लोक काढून टाकले, तर त्यांचा माल एकूण आकड्यातून गायब होतो. ही चूक सूत्राने काढलेल्या १० टक्क्यांत कुठेच धरलेली नसते, आणि नमुना कितीही वाढवला तरी ती कमी होत नाही.

शेवटी यादीचे दोन भाग केले. स्पष्ट "नाही" म्हणणारे ३६४ एका बाजूला. "आहे" म्हणणारे आणि फोन न लागलेले मिळून १,०९६ दुसऱ्या बाजूला. फोन लागला नाही म्हणजे कांदा नाही असं धरायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. पहिल्या भागातून ४० जणांचा वेगळा यादृच्छिक नमुना काढून त्यांच्या घरी जायचं ठरलं. तिथे बहुतेक ठिकाणी मोजायला काही नसणार होतं, म्हणून वेळ कमी लागणार होता.

मुख्य यादीसाठी विचरण गुणांक किती धरायचा, हा पुढचा प्रश्न. तिच्यात थोडी शून्यं राहणारच होती, कारण फोन न लागलेल्यांपैकी काहींकडे कांदा नसणार. पाच टक्के शून्यं धरली तर सूत्रातून ०.९४ येत होता. पण ०.८८५ हा आकडाही फक्त २९ चाळींवरून आलेला. जिथे थोड्या लोकांकडे खूप माल असतो, तिथे छोट्या पाहणीत ते लोक बहुधा सापडतच नाहीत, आणि मग विचरण गुणांक खऱ्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून मी तो १.० धरला. ३८४ हा आकडा पुन्हा समोर आला, आणि १,०९६ च्या यादीला दुरुस्ती लावून २८५ चाळी ठरल्या. सहा दिवसांत बसणारा आकडा होता.

यादी साफ करताना निघालेल्या गोष्टी

फोन करताना जी अडचण समोर आली ती नमुन्याची नव्हती, यादीचीच होती. बऱ्याच घरांत दोन भाऊ किंवा बाप-लेक दोघेही भागधारक, पण चाळ एकच. दोघांच्याही नावापुढे ती चाळ लिहिली, तर तोच कांदा एकूण आकड्यात दोनदा येतो. एकूणाच्या अंदाजात अशी दुबार नोंद थेट वाढीव माल बनून बसते. सरासरी काढताना तिचा त्रास इतका जाणवत नाही, म्हणून अनेक पाहण्यांत ती राहून जाते.

नियम केला: सामाईक चाळ नोंदवहीत ज्याचा क्रमांक आधी आहे त्याच्या नावावर धरायची, आणि त्या घरातल्या बाकीच्यांच्या नावापुढे शून्य. चाळ सारखी वाटून घेता आली असती, पण मग "कुणाचा वाटा किती" हे प्रत्येक घरात विचारावं लागलं असतं, आणि तो प्रश्न कुणाच्या ओसरीवर बसून विचारण्यासारखा नाही.

दुसरा नियम तारखेचा. मोजणी सहा दिवस चालणार आणि त्या काळात काही जण माल विकणार. म्हणून १ जूनचा साठा धरला, आणि त्यानंतर विकलेला माल बाजार समितीच्या पट्टीवरून साठ्यात परत धरला.

मोजणीत काय झालं

२८५ पैकी २७६ चाळी मोजून झाल्या. नऊ ठिकाणी चाळीला कुलूप होतं किंवा घरच्यांनी नकार दिला. समन्वयकांनी शेजारची चाळ मोजून आकडा भरायची तयारी दाखवली, पण ते करू दिलं नाही. ज्याची चाळ बघता येत नाही त्याच्यासारखाच शेजारी असतो, असं मानायला आधार नव्हता. परत जाऊनही न मिळालेल्या चाळी तशाच रिकाम्या ठेवल्या आणि २७६ वरच हिशेब केला. गळती तीन टक्क्यांच्या आसपास होती. तीस टक्के असती, तर नुसता नमुना वाढवून काही साधलं नसतं.

"नाही" म्हणणाऱ्या ४० पैकी तिघांकडे कांदा निघाला: ४०, ६५ आणि ७५ क्विंटल. सरासरी ४.५, म्हणजे ३६४ जणांमागे सुमारे १,६४० क्विंटल. एकूणाच्या मानाने सव्वा टक्का. व्यवस्थापकांची सूचना मानली असती तरी या वेळी फार बिघडलं नसतं, पण हे ४० घरं पाहिल्यावरच कळलं.

मुख्य यादीत मात्र एक चाळ अशी लागली की सगळा हिशेब हलला. एका सभासदाकडे, तीन शेडमध्ये मिळून, १,९०० क्विंटल कांदा होता. बाकीच्या २७५ चाळींची सरासरी ११५ आणि विचरण गुणांक ०.९७ होता, म्हणजे आराखड्यातल्या १.० च्या अगदी जवळ. ही एक चाळ धरली की सरासरी १२१ च्या वर जात होती आणि विचरण गुणांक १.२७ होत होता. सापेक्ष चूक १० टक्क्यांऐवजी १३ टक्के.

दोन्ही याद्या मिळून अंदाज आला १ लाख ३५ हजार क्विंटल, कमी-जास्त १७ हजार. करारातल्या अटीत तो बसत नव्हता.

दुसरा निर्णय: ती एक चाळ

संध्याकाळी व्यवस्थापक म्हणाले, "सर, ती चाळ अपवाद आहे. ती बाजूला ठेवून हिशेब करू या." आकड्यांकडे बघून तो मोह होणं साहजिक आहे. पण तो कांदा खरा होता, सभासदाचा होता आणि करारात येणार होता. तो टाकला तर एकूणातून १,९०० क्विंटल थेट कमी होतात. ठेवला तर दुसरी अडचण: नमुन्यातली प्रत्येक चाळ यादीतल्या जवळपास चार नावांचं प्रतिनिधित्व करते, म्हणजे ही एक चाळ एकूणात साडेसात हजार क्विंटल घालते. एवढी मोठी चाळ तालुक्यात आणखी कुणाची नसेल, तर अंदाज साडेपाच हजारांनी फुगतो. असल्या आणखी चार असतील, तर तो उलट कमी पडतो. नमुना एवढंच सांगत होता की अशा चाळी आहेत. किती आहेत, हे त्याच्याकडून कळत नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला खटकत होती. अंदाजाभोवती "कमी-जास्त" असे सारखे आकडे लावताना आपण सरासरीचं वितरण सममित झालं आहे असं धरतो. संख्याशास्त्रज्ञ विल्यम कॉक्रन यांनी त्यासाठी एक ढोबळ नियम दिला आहे: तिरकसपणाचा गुणांक, म्हणजे आकडे एका बाजूला किती झुकले आहेत त्याचं माप, घ्यायचा; नमुना त्याच्या वर्गाच्या २५ पटींहून मोठा हवा. ती चाळ धरल्यावर आमच्या आकड्यांचा तिरकसपणा पाचाच्या वर जात होता. म्हणजे सहाशेहून जास्त चाळी हव्या होत्या. २७६ मध्ये "९५ टक्के" म्हणून जे सांगितलं जात होतं, ते खरं तर ९५ टक्के नव्हतं.

तेव्हा असं ठरवलं की मोठ्या चाळींची यादी वेगळी करायची आणि त्या सगळ्या मोजायच्या. पण मोठी चाळ कुणाची, हे मोजलेल्या कांद्यावरून ठरवायचं नाही. मोजून झालेल्या चाळींतल्या मोठ्या उचलून वेगळ्या केल्या, तर न मोजलेल्या मोठ्या चाळी मुख्य यादीतच राहतात आणि उरलेली सरासरी खोटी कमी होते. निकष नमुन्याशी संबंध नसलेला आणि सगळ्या १,०९६ जणांना सारखा लावता येणारा हवा होता. कंपनीच्या नोंदींत चाळीची क्षमता होती, कारण अनुदानाच्या अर्जांसाठी ती भरून घेतलेली होती. अनुदानाची नेहमीची चाळ २५ टनांची असते. ७५ टनांहून जास्त क्षमता नोंदलेल्या सभासदांची यादी काढली, तर १७ नावं निघाली. त्यांतले चौघे नमुन्यात आधीच होते, १,९०० वाला त्यांच्यातलाच. उरलेल्या तेरा जणांकडे समन्वयक दुसऱ्या दिवशी गेले.

निकाल

१७ जणांकडे मिळून १०,४८० क्विंटल निघाले. ही पूर्ण मोजणी, म्हणून तिच्यात नमुन्याची चूक नाही. उरलेल्या १,०७९ नावांतल्या २७२ चाळी मोजलेल्या होत्या, त्यांची सरासरी १०९.६ क्विंटल, प्रमाण विचलन सुमारे ९८ आणि विचरण गुणांक सुमारे ०.९०. त्यावरून १ लाख १८ हजार क्विंटल. "नाही" म्हणणाऱ्यांचे १,६४० धरून एकूण १ लाख ३० हजार क्विंटल, कमी-जास्त ११ हजार. सापेक्ष चूक साडेआठ टक्के.

निर्यातदाराला दोन्ही अंदाज दिले: आधी ठरलेल्या पद्धतीचा १ लाख ३५ हजार आणि मोठ्या चाळी वेगळ्या केल्यानंतरचा १ लाख ३० हजार. पद्धत मध्येच का बदलली तेही लिहून दिलं. आकडे पाहिल्यावर पद्धत बदलली की समोरच्याला शंका येणारच, आणि ती यायलाच हवी. निकष जुन्या नोंदींतला होता आणि सतराही नावं त्यांना दाखवता येत होती, म्हणून ते पटलं. करारातला हिस्सा १ लाख १९ हजार, म्हणजे अंदाजाच्या खालच्या टोकावर धरून ठरला.

काय वेगळं करता आलं असतं

चाळींच्या क्षमतेची नोंद पहिल्या दिवसापासून कार्यालयात होती. ती आधी उघडून १७ चाळी सुरुवातीलाच वेगळ्या केल्या असत्या, तर कामही कमी झालं असतं. १० टक्के चूक चालते ती एकूण १ लाख ३० हजारांवर, म्हणजे १३ हजार क्विंटल. पूर्ण मोजलेल्या भागात नमुन्याची चूक नसल्यामुळे ही सगळी मुभा उरलेल्या १ लाख १८ हजारांच्या वाट्याला येते, आणि तिथे ती ११ टक्के होते. ११ टक्के सापेक्ष चूक आणि ०.९० विचरण गुणांक घेऊन १,०७९ च्या यादीतून २०८ चाळी लागतात. १७ मिळवून २२५. आम्ही २८५ काढल्या आणि वर आणखी तेरा मोजल्या. मोठे घटक वेगळे केल्यावर उरलेल्या भागाची चूक पुन्हा १० टक्केच धरण्याची सवय अनेक आराखड्यांत दिसते. तिच्यामुळे नमुना विनाकारण वाढतो.

फोनचा खर्च मात्र मी पुन्हाही करेन. यादीत शून्यं एक चतुर्थांशाहून जास्त असतील आणि एका फोनचा खर्च एका भेटीच्या मानाने नगण्य असेल, तर तो हिशेब जुळतो. शून्यं पाच-दहा टक्केच असती, तर १,४६० फोन करण्यापेक्षा थोड्या चाळी जास्त मोजणं सोपं होतं.

राहिला ढिगाचं वजन काढण्याचा मुद्दा. आम्ही घनफूट मोजले आणि एका घनफुटाला १५ किलो धरले. हा गुणक एका चाळीतला एक कप्पा रिकामा करून, वजनकाट्यावर घालून काढला होता. कांद्याचा आकार, ढिगाची उंची आणि चाळीत भरून झालेले दिवस यांप्रमाणे तो बदलतो. तो ५ टक्क्यांनी चुकला असेल तर सगळा एकूण आकडा ५ टक्क्यांनी चुकला आहे, आणि साडेआठ टक्क्यांत त्याचा कुठेही हिशेब नाही. पुढच्या वर्षी एका कप्प्याऐवजी वेगवेगळ्या गावांतले दहा कप्पे, तेही यादृच्छिक निवडून, वजन करायचे आणि त्यांच्यातला फरक अंतिम चुकीत धरायचा, असं संचालक मंडळाच्या ठरावात लिहून घेतलं आहे. त्यासाठी लागणारे दोन दिवस मुख्य नमुन्यातल्या वाचलेल्या साठ चाळींतून निघतात.